गावातल्या चित्रकथेतील जोडीला नाव देताना

लहान गावातल्या मुलांसाठी काढलेल्या चित्रकथेतले नाव पुस्तकात राहत नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या मैदानावर जाते आणि वर्गातल्या एखाद्या खऱ्या मुलाला किंवा मुलीला चिकटते. मोठ्या शहरात प्रत चाळणारी मुले एकमेकांना ओळखत नसतात. तालुक्याच्या गावात मात्र ती एकाच शाळेत, एकाच एसटीत आणि एकाच बाजारात भेटतात. म्हणून नायक आणि त्याचा साथीदार यांची नावे ठरवताना कानाला काय गोड वाटते यापेक्षा ते नाव उद्या कोणाला चिकटेल, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

मराठीत या कामाचे उत्तम नमुने चित्रकथेबाहेर सापडतात. चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी नावावरूनच कळते. ‘चिमण’ म्हणजे लहानखुरे, त्याला ‘राव’ जोडल्याने आलेली केविलवाणी प्रतिष्ठा, आणि शेजारी ‘गुंड्या’ हा गोल, दणकट आवाज. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्याजवळच्या खऱ्या गावाचे नाव, सहसा कानावर न पडणारे आडनाव आणि त्यापुढे ‘फास्टर’ हे इंग्रजी शेपूट नव्हे, तर तोंड! तिन्हीकडे ‘फ’ असल्यामुळे नाव एकदा ऐकले की सुटत नाही. आडनावाचे अपरिचित असणे हाही मोठा गुण आहे. गावात आडनाव उच्चारले की ऐकणारा भावकी, आळी आणि जात यांचा अंदाज बांधू लागतो, आणि नायक सगळ्यांचा न राहता एका वाड्याचा होतो. आडनाव तसे निरुपद्रवी मिळत नसेल, तर ते न देणेच बरे.

एक उदाहरण घेऊन ही पद्धत पाहता येईल. कोल्हापूरकडच्या ऊसपट्ट्यातले तालुक्याचे गाव धरू. वाचक आठ ते अकरा वर्षांचे. नायिका दहा वर्षांची, सायकलवरून गावभर हिंडून हरवलेल्या वस्तूंचा छडा लावणारी. साथीदार तिच्याच वयाचा, पण जागचा न हलणारा, मोठ्या माणसांसारखे बोलणारा आणि हिशेबात पक्का.

पहिल्या यादीत ‘तेजस्विनी’, ‘वीरांगना’ अशी नावे हमखास येतात. त्यांच्यातून मुलगी दिसत नाही, फक्त गुण दिसतो, आणि शिवाय ती फुग्यात मावत नाहीत. ‘तेजस्विनीला’ हा एक शब्द अरुंद फुग्यात तोडावा लागतो आणि दुसरी-तिसरीतला वाचक ‘स्वि’पाशी अडखळतो. मग स्थानिक नावांचा शोध सुरू होतो आणि ‘काकवी’ सुचते. गुऱ्हाळाच्या गावात याहून आपले नाव कोणते? उच्चाराला सोपे, जोडाक्षर नाही, चव लगेच जिभेवर. पण काकवीचा रंग गडद तपकिरी असतो. पहिला अंक आल्यावर वर्गातल्या सावळ्या मुलीला मुले काय हाक मारतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. हे नाव कितीही आवडले तरी सोडावे लागते. ‘झिपरी’, ‘टिंगू’, ‘ढब्ब्या’ यांचे तसेच. शरीरावरून ठेवलेली नावे लेखकाला पटकन हशा मिळवून देतात आणि तो हशा एखादे मूल वर्षभर सोसते.

यानंतर ‘भिंगरी’ पुढे येते. सतत हिंडणाऱ्याच्या पायाला भिंगरी असते, हे मुलांनी घरात ऐकलेले असते. म्हणून नाव स्वभाव सांगते, पण कोणाच्या रूपावर बोट ठेवत नाही. चिकटलेच, तर ते उनाडक्या करणाऱ्या चपळ मुलीला चिकटेल आणि तिला ते बहुधा आवडेल. मग व्याकरण तपासायचे. मराठीत नावाला सतत प्रत्यय लागतात, त्यामुळे ते एकट्याने वाचून चालत नाही: भिंगरीने, भिंगरीला, भिंगरीची सायकल. कुठेही मूळ रूप मोडत नाही. साथीदारासाठी ‘वकील’ हे नाव आधी विचारात असेल, तर इथेच अडते. ‘वकिलाने’ म्हणताना दीर्घ ‘की’ ऱ्हस्व होते आणि नवख्या वाचकाला तेच नाव दोन प्रकारे लिहिलेले दिसते.

साथीदाराचे नाव निवडताना पाहायचे ते मुख्यतः अंतर. दोन्ही नावे एकाच अक्षराने सुरू झाली, तर पळापळीच्या पानावर कोण बोलले हे मुले चुकतात. प्राण यांच्या चाचा चौधरी आणि साबू या जोडीत हे अंतर नेमके साधले आहे. एकाचे नाव लांब, नात्याचे आणि गावातल्या वडीलधाऱ्याचे. दुसऱ्याचे दोन अक्षरी, परके, गुरू ग्रहावरून आलेल्या राक्षसी देहाला शोभणारे. आपल्या उदाहरणात ‘भिंगरी’पुढे ‘तात्या’ बसते. नऊ-दहा वर्षांच्या पोराला सगळे गाव तात्या म्हणते, कारण तो तसा बोलतो. इथे क्रियापदाची एक गंमत हाताशी येते. गावात ‘तात्या आले’ म्हणायची रीत. निवेदनात ‘तात्या आला’ लिहिले की हा म्हातारा नव्हे, हे वाचकाला पहिल्याच चौकटीत कळते. तोटाही आहे. प्रत्येक गावात दोन-चार खरे तात्या असतात आणि त्यांतला एखादा सरपंच किंवा दुकानदार निघतो. म्हणून चित्रातल्या तात्याला त्यांच्यासारखी टोपी, मिशी किंवा लकब द्यायची नाही. तेवढे पाळले, तर नाव निर्धोक राहते.

कागदावर ठरलेले नाव छापून पाहावे लागते. ‘भिं’वर वेलांटी आणि अनुस्वार एकत्र येतात. स्वस्त कागदावर, फुग्यातल्या लहान अक्षरांत तो बिंदू वेलांटीत विरघळतो आणि ‘भिगरी’ उरते. प्रत्यक्ष आकारात, त्याच कागदावर एक पान छापले की दोष लगेच दिसतो. अक्षर थोडे मोठे करणे किंवा अनुस्वार हाताने ठळक काढणे, एवढाच उपाय असतो.

मग पान मुलांपुढे ठेवायचे. नाव आवडले का, असे विचारू नये. मुले मोठ्यांना बरे वाटेल तेच सांगतात. गोष्ट वाचून दाखवावी आणि दोन दिवसांनी ती त्यांच्याकडून ऐकावी. ‘ती सायकलवाली’ असे सांगितले गेले, तर नाव बसलेले नाही. नाव मुलांकडूनच मागवण्याचा मार्गही आहे. ॲस्टेरिक्सच्या मालिकेतल्या छोट्या कुत्र्याचे इदेफिक्स हे नाव ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकाने वाचकांची स्पर्धा घेऊन ठरवले होते. गावात मात्र स्पर्धेत येणारी निम्मी नावे वर्गमित्रांच्या चिडवण्याची असतात, त्यामुळे ती चाळण्यासाठी शाळेतल्या एखाद्या बाईंना किंवा गुरुजींना सोबत घ्यावे लागते. कोणते नाव कोणाचे, हे त्यांनाच माहीत असते.

शेवटचे काम कोरडे आहे. नुसत्या नावाला सहसा स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही. ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येते आणि छापील साहित्यासाठी सोळावा वर्ग असतो. त्या वर्गात तेच किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव कोणी नोंदवले आहे का, हे सरकारी नोंदवहीत विनामूल्य शोधता येते. हा शोध मुखपृष्ठ रंगवण्याआधी घ्यावा, कारण दुसऱ्या अंकात नाव बदलले तरी मुले पहिल्याच नावाने हाक मारत राहतात.