एका मिलिग्रॅमसाठी तीन लाख मेंढ्या

पिट्युटरी ग्रंथीचं वजन अर्धा ग्रॅम. हरभऱ्याएवढी, एका देठाने मेंदूच्या तळाला लोंबकळणारी! वर हायपोथॅलॅमस हुकूम सोडतो, खाली ही पाळते. पण तिच्या दोन भागांना हुकूम पोहोचतात दोन अगदी वेगळ्या वाटांनी.

मागच्या भागाची वाट मज्जातंतूंची. हायपोथॅलॅमसमधल्या पेशींचे तंतू देठातून थेट खाली उतरतात आणि त्यांच्याच टोकांतून व्हॅसोप्रेसिन रक्तात सुटतं. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात, त्यातलं बहुतेक आपसूकच परत खेचतात आणि उरलेलं या संप्रेरकाच्या जोरावर. ते पूर्ण बंद पडलं तर दिवसाला पंधरा-वीस लिटर लघवी होते. म्हणजे रोज एक भरलेला हंडा!

पुढच्या भागाकडे असा एकही तंतू हुकूम घेऊन येत नाही. इथे हुकूम रक्तातून वाहत येतो. देठाच्या वरच्या टोकाशी केशवाहिन्यांचं एक जाळं, तिथून खाली उतरणाऱ्या बारीक शिरा आणि ग्रंथीत पुन्हा दुसरं जाळं. सगळा प्रवास जेमतेम सेंटिमीटरभर. १९५२ मध्ये हॅरिस आणि जेकबसन यांनी उंदरांची ग्रंथी काढून हायपोथॅलॅमसखाली दुसरी ग्रंथी बसवली. या शिरा तिच्यात वाढल्या आणि ग्रंथी कामाला लागली. तशीच ग्रंथी मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली, तिथेही तिला रक्त मिळालं, पण ती सुस्तच राहिली. रक्त हवं ते याच वाटेचं! म्हणूनच माणसात अपघाताने हा देठ तुटला की पुढच्या भागाची बहुतेक संप्रेरकं घसरतात. एकटं प्रोलॅक्टिन मात्र वाढतं, कारण त्याला दाबून धरणारं डोपामिनही याच वाटेने येत असतं.

आता या वाटेवरून येणारा माल किती, ते मोजू या. थायरॉइडसाठीचा हुकूम म्हणजे टीआरएच, अवघ्या तीन अमिनो आम्लांचा रेणू. तो हाती लागावा म्हणून रॉजर गिलेमिन यांच्या चमूने काही वर्षांत मेंढ्यांच्या मेंदूंचे पन्नास लाख तुकडे जमवले. त्यासाठी पाचशे टन मेंदू हाताळला, दहा टनी ट्रक धरले तर पन्नास ट्रक! अखेर तीन लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून शुद्ध टीआरएच निघालं ते एक मिलिग्रॅम. मीटरला एक मेंढी अशी ही रांग लावली तर मुंबईहून पुण्याला जाऊन परत मुंबईला येते, आणि या अख्ख्या रांगेचं सार मिठाच्या काही कणांएवढं!

म्हणजे एका मेंढीमागे हाती आलं सुमारे तीन नॅनोग्रॅम. एवढीशी चिमूट सगळ्या अंगाच्या रक्तात सोडली असती तर पातळ होऊन हरवलीच असती, आणि टीआरएच काही मिनिटांत तुटून नाहीसंही होतं. त्या सेंटिमीटरभर खासगी वाटेत मात्र ते पुरेसं दाट राहतं.

याच हिशोबाने ग्रॅमभर टीआरएच हवं असेल तर तीस कोटी मेंढ्या लागतील. आणि सराफाकडे सोनं घेतो तसं तोळाभर? साडेतीनशे कोटी. आज साऱ्या पृथ्वीवर मिळून तेवढ्या मेंढ्याच नाहीत!