बिघडलेल्या बिटचा पत्ता

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात मतदान संगणकावर होते. निकाल हाती आले तेव्हा एका उमेदवाराच्या नावापुढचा आकडा अशक्य वाटावा इतका मोठा होता. फेरमोजणी केली, तर तिच्या खात्यात नेमकी ४०९६ मते जास्तीची जमा झाली होती. बारा वेळा दोन मांडून एकमेकांशी गुणले की ४०९६ येतात. द्विमान पद्धतीत हा आकडा एकावर बारा शून्ये असा लिहितात. म्हणजे मते साठवणाऱ्या संगणकाच्या स्मृतीत उजवीकडून तेरावे घर ० होते, ते १ झाले की हिशेब तंतोतंत जुळतो. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. एक बिट आपोआप उलटला असावा, या निष्कर्षावर तपास थांबला.

बिट म्हणजे ० किंवा १ ठेवणारे एक घर. आजच्या स्मृतीत ते घर म्हणजे अगदी थोडा विद्युतभार असतो, आणि अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे किंवा चिपच्या वेष्टनातल्या किंचित किरणोत्सारामुळे तो अधूनमधून बदलतो. चिप शाबूत राहते, फक्त आत लिहिलेले बदलते. स्कारबेकमध्ये आकडा अशक्य होता म्हणून चूक लक्षात आली. शक्य कोटीतला असता तर कुणाला शंकाही आली नसती. मग नुसते बिट पाहून यंत्राला कसे कळावे की आपल्यातला एक उलटला आहे, आणि तो कोणता?

हा प्रश्न १९४७ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला पडला. तिथला संगणक रिलेंवर, म्हणजे खटखट उघडझाप करणाऱ्या विजेच्या स्विचांवर चालायचा. रिले अडकला तर चूक झाल्याचे यंत्राला कळत असे. कामाच्या दिवशी माणसे येऊन ती दुरुस्त करत. शनिवार-रविवारी कुणी नसे, तेव्हा यंत्र चुकलेले गणित टाकून पुढच्याला हात घालायचे. हॅमिंगची गणिते सुट्टीतच लावलेली असत, आणि लागोपाठ दोन सोमवारी ती टाकून दिलेली सापडली. तो चिडला. चूक झाली हे यंत्राला कळते, तर कुठे झाली हे का कळू नये? ० किंवा १ एवढेच पर्याय असताना जागा कळली की दुरुस्ती उरतेच कुठे? तिथला बिट उलटा केला की झाले.

चूक झाली एवढेच कळण्याचा उपाय तेव्हाही माहीत होता. संदेशाला एक जादा बिट जोडायचा आणि तो असा निवडायचा की एकूण १ सम संख्येने यावेत. याला पॅरिटी बिट म्हणतात. वाटेत कोणताही एक बिट उलटला की १ विषम होतात. पण कोणता उलटला हे त्यावरून कळत नाही, कारण कुठलाही उलटला तरी परिणाम एकच. दुसरा उपाय प्रत्येक बिट तीनदा लिहून बहुमत घेण्याचा. त्याने दुरुस्ती होते, पण चार बिटांच्या संदेशाला बारा बिट लागतात.

हॅमिंगने सम-विषमचीच तपासणी घेतली, पण एकाऐवजी अनेक, आणि प्रत्येक तपासणी वेगळ्या गटाची. किती तपासण्या पुरतील याचा हिशेब सरळ आहे. एका तपासणीचे उत्तर दोनांपैकी एक: सम, म्हणजे ठीक, किंवा विषम, म्हणजे तक्रार. तीन तपासण्या मिळून आठ वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. त्यातले ‘तिन्ही ठीक’ हे उत्तर ‘काहीच बिघडले नाही’ या अर्थासाठी राखून ठेवू. सात उरतात, तेव्हा सात घरांपैकी प्रत्येकाला स्वतःचे असे एक उत्तर देता येईल. सातांपैकी तीन घरे तपासणीच्या बिटांसाठी जातील आणि चार संदेशाला मिळतील. बारांऐवजी सातांत काम भागते.

आता कोणते घर कोणत्या गटात घालायचे? हॅमिंगच्या संकेताचे मर्म याच वाटणीत आहे. त्यासाठी जुन्या बाजारातली वजने आठवावीत. नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर आणि दोन पावशेरांचा अच्छेर. ही तीन वजने हाताशी असली की एक नवटाकापासून सात नवटाकांपर्यंत कोणतेही माप तोलता येते, आणि प्रत्येक मापासाठी वजनांची निवड एकच असते. पाच नवटाक हवे असतील तर अच्छेर आणि नवटाक, सहा हवे असतील तर अच्छेर आणि पावशेर. घरांचे क्रमांकही असेच १, २ आणि ४ यांत फोडायचे. ज्यांच्या फोडीत १ येतो त्यांचा एक गट: घरे १, ३, ५, ७. ज्यांत २ येतो त्यांचा दुसरा: २, ३, ६, ७. ज्यांत ४ येतो त्यांचा तिसरा: ४, ५, ६, ७. घरे १, २ आणि ४ एकेकाच गटात आहेत, म्हणून तपासणीचे बिट तिथे बसवायचे. एक बिट बदलून दुसरा गट बिघडायची भीती राहत नाही. संदेश उरलेल्या ३, ५, ६, ७ या घरांत.

आता प्रत्यक्ष करून पाहू. समजा ६ हा आकडा पाठवायचा आहे. द्विमान पद्धतीत तो ०११०. हे चार बिट क्रमाने बसवले की तिसऱ्या घरात ०, पाचव्यात १, सहाव्यात १, सातव्यात ०. पहिल्या गटात ३, ५, ७ या घरांत मिळून एकच १ आहे, म्हणून तो सम करण्यासाठी पहिल्या घरात १ लिहायचा. दुसऱ्या गटात ३, ६, ७ मध्येही एकच १, म्हणून दुसऱ्या घरात १. तिसऱ्या गटात ५, ६, ७ मध्ये दोन १ आहेत, ते आधीच सम, म्हणून चौथ्या घरात ०. पाठवायची ओळ अशी तयार झाली:

घर: १ २ ३ ४ ५ ६ ७
बिट: १ १ ० ० १ १ ०

वाटेत पाचव्या घरातला बिट उलटला. पलीकडे पोचले १ १ ० ० ० १ ०. संदेशाची चार घरे तशीच वाचली तर ००१०, म्हणजे २. सहाचे दोन झाले, आणि दोन हाही तितकाच सरळ आकडा असल्याने नुसते पाहून संशय येणार नाही.

वाचणारे यंत्र तीन गट मोजते. पहिल्या गटात १, ०, ०, ०: एकच १, विषम, तक्रार. दुसऱ्यात १, ०, १, ०: दोन १, ठीक. तिसऱ्यात ०, ०, १, ०: एकच १, तक्रार. तक्रार करणारे गट १ आणि ४ यांचे आहेत. त्यांची बेरीज ५. पाचवे घर उलटे केले की ० चा १ होतो आणि मूळ ओळ परत मिळते.

ही बेरीज जुळते याचे कारण वाटणीतच आहे. पाचवे घर पहिल्या आणि तिसऱ्या गटात आहे, दुसऱ्यात नाही. तो बिट उलटला की नेमके तेच दोन गट विषम होतात, मग संदेश कोणताही असो. असा जोडीचा नमुना दुसऱ्या कोणत्याही घराचा नाही. मला या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती अशी की तपासणीचे बिटही तिच्यातून सुटत नाहीत. समजा संदेश शाबूत राहिला आणि चौथ्या घरातला तपासणीचाच बिट उलटला. मग फक्त तिसरा गट तक्रार करतो, बेरीज ४ येते, आणि यंत्राला कळते की राखणदारच बिघडला आहे, संदेशाला हात लावू नये.

हे सारे एका अटीवर उभे आहे: सात घरांत जास्तीत जास्त एकच चूक. दोन चुका झाल्या तर काय होते तेही त्याच ओळीवर पाहावे. पाचव्याबरोबर तिसरे घरही उलटले, म्हणजे हाती आले १ १ १ ० ० १ ०. पहिल्या गटात १, १, ०, ०, सम. दुसऱ्यात १, १, १, ०, विषम. तिसऱ्यात ०, ०, १, ०, विषम. बेरीज २ आणि ४ मिळून ६. यंत्र निर्धास्तपणे सहावे घर उलटवते, जे बिचारे बरोबर होते. आता तीन बिट चुकीचे झाले, संदेश १०००, म्हणजे ८. पुन्हा तपासले तर तिन्ही गट सम येतात आणि सारे आलबेल दिसते. दुरुस्तीनेच चूक वाढवली आणि मागे खूणही ठेवली नाही.

यावर उपाय आठव्या बिटाचा. सातही घरांतले १ मोजून एकूण सम होतील असा आणखी एक बिट शेवटी जोडतात. आपल्या ओळीत चार १ होते, म्हणून आठवा बिट ०. एक बिट उलटला तर आठांची एकूण संख्या विषम होते. दोन उलटले तर ती पुन्हा सम होते, पण गटांची तक्रार मात्र राहते. एकूण सम आणि तरी गट तक्रार करतात, असे दिसले की दोन चुका झाल्या हे नक्की. त्या कुठे आहेत हे कळत नाही, म्हणून यंत्र दुरुस्तीच्या फंदात न पडता ‘हा मजकूर विश्वासाचा नाही’ एवढे सांगून थांबते. तीन किंवा अधिक चुका झाल्या तर हाही बिट फसू शकतो.

चार बिटांमागे तीन किंवा चार जादा बिट हा खर्च मोठा आहे, पण ओळ लांब केली की तो झपाट्याने उतरतो. तपासणीचा प्रत्येक नवा बिट उत्तरांची संख्या दुप्पट करतो. चार तपासण्यांत पंधरा घरे येतात आणि त्यातली अकरा संदेशाची. चौसष्ट बिटांच्या संदेशाला सात तपासण्या पुरतात. त्यात एकूण मोजणीचा एक मिळवला की आठ, म्हणून सर्व्हरमधल्या ‘ईसीसी’ स्मृतीत चौसष्ट बिटांना बहात्तर बिटांची जागा देण्याची पद्धत रूढ झाली.

हॅमिंगचा शोधनिबंध एप्रिल १९५० मध्ये बेलच्या तांत्रिक नियतकालिकात आला. त्याआधी १९४८ मध्ये क्लॉड शॅननने माहितीच्या गणितावरच्या आपल्या निबंधात हाच सात बिटांचा संकेत हॅमिंगच्या नावानिशी उदाहरण म्हणून दिला होता.

लांब ओळीत मात्र दुसऱ्या चुकीची शक्यता वाढते, कारण एकाच तपासणीखाली जास्त बिट येतात. शिवाय एकदा उलटलेला बिट कुणी वाचेपर्यंत तसाच पडून राहतो, आणि तेवढ्या काळात त्याच ओळीत दुसरा उलटला की दुरुस्ती हातची गेली. म्हणून अनेक सर्व्हर रिकाम्या वेळी सगळी स्मृती क्रमाने वाचत जातात. कुणी मागितले नसले तरी प्रत्येक ओळीचे गट मोजतात, एखादा बिट उलटलेला आढळला तर तो सरळ करून परत लिहितात, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचले की पुन्हा पहिलीपासून सुरुवात करतात.