शटर पडल्यानंतरची फेरी

दुपारी दोन वाजता हॉटेलचं स्वयंपाकघर पाहिलं तर ते स्वच्छच दिसतं. ओटा पुसलेला असतो, पातेली घासलेली असतात, जमिनीवरून फडकं फिरलेलं असतं. झुरळांचा दिवस मात्र दिवे गेल्यावर सुरू होतो. दिवसा एखादं झुरळ भिंतीवरून चालताना दिसलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की फटीत आता जागा उरलेली नाही. म्हणून चहाची टपरी असो की दहा बाय आठचं स्वयंपाकघर असलेलं छोटं हॉटेल, आठवड्यातली एक रात्र तपासणीला द्यावी आणि दिसलेलं वहीत लिहावं. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ सालच्या परवाना-नोंदणी नियमांतल्या परिशिष्ट ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत आणि जागा किडे-उंदरांपासून मोकळी ठेवणं त्यांतच येतं. पण ही वही अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी नाही. औषध कुठे टाकायचं आणि टाकलेलं लागू पडलं का, हे मालकाला तिच्यातून कळतं.

वार ठरलेला असावा आणि तो कामाचाच असावा. सुट्टीच्या रात्री शेगडी थंड असते, खरकटं नसतं, त्यामुळे त्या रात्रीचा आकडा इतर आठवड्यांशी जुळत नाही. नेहमीची आवराआवर झाली की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, शटर ओढायचं, दिवे घालवायचे आणि तासभर आत कुणी जायचं नाही. परत आत शिरताना आधी वास घ्यायचा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, टॉर्चही लावायचा नाही. दार-शटर उघडून बाहेर थांबायचं. त्या रात्री तपासणी होणार नाही, गॅसवाल्याला बोलावणं होईल.

वास नसेल तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून आत जावं. झुरळांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ती लगेच पळत नाहीत आणि कुठून कुठे जातात ते पाहता येतं. पहिली नजर भिंत आणि जमीन मिळते त्या कडेवर टाकायची. झुरळाला अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी जागा लागते, उघड्या फरशीच्या मधून ते सहसा जात नाही. मग कागद काढून पांढऱ्या उजेडात फटी बघायच्या: फ्रीजच्या मागची मोटर आणि दाराचं रबर, ओट्याखालची बिजागरी, स्विचबोर्डची मागची बाजू, देवाच्या फोटोची आणि कॅलेंडरची पाठ, शटरच्या बाजूचे खाचे, मोरीखालचा पाइप. यांत फ्रीजची मोटर सगळ्यांत महत्त्वाची. ती चोवीस तास कोमट असते, जवळच पाणी ठिबकतं आणि तिथे झाडू पोचत नाही.

दिसलेलं झुरळ कोणतं, हे ओळखल्याशिवाय नोंद उपयोगाची नाही. आपल्या हॉटेलांत मुख्यतः दोन जाती भेटतात. एक लहान, फिकट तपकिरी, सव्वा-दीड सेंटिमीटर लांब. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. ही जर्मन झुरळं. ती स्वयंपाकघरातच जन्मतात आणि तिथेच वाढतात. दुसरी जात लालसर, साडेतीन-चार सेंटिमीटरची. ही अमेरिकन झुरळं गटारातून, मोरीच्या पाइपातून वर येतात. मोठं झुरळ दिसलं की मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी आणि पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवावी. तिथे फ्रीजमागे औषध लावून काही होणार नाही. उलट लहान झुरळांसाठी जाळीचा उपयोग नाही, ती आतच आहेत. वहीत नुसतं ‘झुरळ दिसले’ असं लिहिलं तर पुढच्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

जिवंत झुरळांइतक्याच त्यांच्या खुणा बोलक्या असतात. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे ठिपके, टाकलेली पारदर्शक कात आणि अंड्यांचे कोष. जर्मन झुरळाचा कोष तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, तपकिरी आणि आडव्या रेघांचा असतो. त्यात तीस-चाळीस अंडी असतात. मादी तो पोटाला चिकटवून घेऊनच फिरते आणि अंडी फुटायच्या सुमारास सोडते. कोषावर औषधाचा परिणाम जवळजवळ होत नाही, हे पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवायला हवं. खुणा लिहून झाल्या की त्या पुसून टाकायच्या. पुसल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात जुनं आणि नवं वेगळं ओळखता येत नाही.

नजरेने केलेली मोजणी माणसागणिक बदलते, म्हणून जोडीला चिकट सापळे ठेवावेत. बाजारात गोंद लावलेले पुठ्ठे मिळतात, लहान खोलीला पाच पुरतात. प्रत्येक जागेला नंबर द्यायचा, भिंतीवर त्याची छोटी खूण करायची आणि पुठ्ठा दर आठवड्याला त्याच जागी, भिंतीला चिकटून ठेवायचा. बोटभर अंतर राहिलं तरी झुरळ मागून निघून जातं. रात्रीची फेरी संपली की पुठ्ठे मांडायचे आणि पहाटे जो पहिला येतो त्याने दूध तापत ठेवण्याआधी ते उचलून मोजायचे. दिवसभर ठेवले तर पाणी, वाफ आणि पिठाने गोंद मरतो आणि आकडा खोटाच कमी येतो. शेगडीच्या अगदी जवळ तर ते नकोतच.

आता वही कशी वाचायची ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण झुरळं वागतात ती अशीच. जागा १ मोरीखाली, २ फ्रीजमागे, ३ ओट्याखाली, ४ बिस्किटांच्या मांडणीवर, ५ शटरच्या कोपऱ्यात. पहिल्या सकाळी मोरीखाली दोन मोठी झुरळं मिळाली. फ्रीजमागे सतरा लहान झुरळं, त्यांतली अकरा बिनपंखी पिल्लं. ओट्याखाली एक, बाकी दोन जागी शून्य. इतकी पिल्लं म्हणजे वस्ती तिथेच आहे, बाहेरून कुणी चुकून आलेलं नाही. मालकाने मोरीला जाळी बसवली आणि फ्रीजमागे स्प्रे मारून घेतला. दुसऱ्या आठवड्यात फ्रीजमागे फक्त चार मिळाली. एवढंच पाहिलं असतं तर काम झालं असं वाटलं असतं. पण त्याच सकाळी ओट्याखाली सहा आणि मांडणीवर पाच होती. लहान झुरळं अठराची पंधरा झाली, मुख्यतः जागा बदलल्या. अशा फवाऱ्यांतली बरीच औषधं झुरळांना तिखट लागतात. काही मरतात, बाकीची पांगून कालपर्यंत मोकळ्या असलेल्या जागी घरं करतात. ‘आम्ही दर महिन्याला मारून घेतो, तरी जात नाहीत’ ही तक्रार जिथे तिथे ऐकू येते, तिचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात स्प्रे थांबवून जेल लावलं. जेलचे थेंब बारीक, बाजरीच्या दाण्याएवढे हवेत आणि एका जागी गोळा न लावता बिजागरी, मोटरची चौकट, मांडणीच्या सांध्यांत वेगवेगळे पुष्कळ हवेत. अन्न किंवा भांडी टेकतील तिथे ते लावायचं नाही. त्यावर स्प्रे किंवा फिनेल गेलं तर झुरळ त्याला तोंड लावत नाही, म्हणून थेंबांच्या जागाही वहीत लिहायच्या आणि सफाई करणाऱ्याला दाखवायच्या. खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा व मेलेलं अंग खाऊन आतली आणखी काही मरतात.

तिसऱ्या आठवड्यात सगळी मिळून पाच लहान झुरळं मिळाली, मोरीखाली एकही मोठं नव्हतं. चौथ्या आठवड्यात दोन. पाचव्या आठवड्यात फ्रीजमागे एकदम सात आली. अशा वेळी बहुतेक मालक जेलला नावं ठेवतात आणि परत फवारणीवाल्याला फोन करतात. पण वहीत शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: सातही पिल्लं, मुंगीएवढी. म्हणजे आधी मेलेल्या किंवा मरणाऱ्या माद्यांचे कोष आता फुटले होते. जेल वाळून दगड झालं होतं. ते खरवडून ताजे थेंब लावले, सहाव्या आठवड्यात एक आणि सातव्यात शून्य आलं. आठव्या आठवड्यात मांडणीवर दोन पूर्ण वाढलेली झुरळं मिळाली, बाकी सगळीकडे शून्य. पिल्लं नाहीत आणि जागा फक्त ४, यावरून ती बाहेरून आली असं म्हणता येतं. त्या आठवड्यात माल आला होता आणि पुठ्ठ्याची खोकी तशीच वर ठेवली होती. नालीदार पुठ्ठ्याच्या पोकळ्या झुरळांना फार सोयीच्या.

उंदरांसाठी याच फेरीत चार गोष्टी पाहायच्या. लहान उंदराच्या लेंड्या टोकदार, तीन ते सहा मिलिमीटरच्या. मोठ्या उंदराच्या साधारण दीड सेंटिमीटरच्या. ताज्या काळ्या आणि ओलसर असतात, जुन्या करड्या पडून चुरतात. भिंतीच्या कडेला तेलकट काळा पट्टा दिसला तर ती रोजची वाट. शटर पूर्ण खाली ओढून फटीत पेन्सिल सरकवावी. ती आत गेली तर लहान उंदीरही जाऊ शकतो, तिथे रबराची किंवा पत्र्याची पट्टी लावावी. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने उचलाव्यात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो जंतू ओलाव्यात टिकतो, तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर पाणी आलं असेल तर ही काळजी जास्तच.

वहीसाठी छापील फॉर्म नको, लांब रजिस्टरही चालेल. पहिल्या पानावर खोलीचा हाताने काढलेला नकाशा आणि पाच नंबर. पुढे एका आठवड्याला एक पान: तारीख, वेळ, तपासणाऱ्याचं नाव, जागेगणिक मोठी, लहान आणि पिल्लं किती, खुणा काय, काय केलं, कुणी केलं आणि ते झाल्याचं कुणी कधी पाहिलं. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात. ‘जाळी बसवायची’ असं तीन पानांवर लागोपाठ लिहिलेलं मिळतं आणि जाळी कुठेच नसते. सापळ्यात काही मिळालं नाही तर शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्याचा अर्थ सापळा लावलाच नाही, असाही होतो. कीटकनाशक मारणारी कंपनी येत असेल तर तिच्याकडून औषधाचं नाव, मात्रा आणि जागा लिहिलेली पावती घेऊन त्याच आठवड्याच्या पानाला चिकटवावी.

सलग चार आठवडे सगळ्या जागी शून्य आलं की जेल कमी करावं. सापळे मात्र चालू राहू द्यावेत, निदान फ्रीजमागचा आणि मांडणीवरचा. नवीन खोकी शटरबाहेरच फोडून माल डब्यात भरावा आणि पुठ्ठा त्याच दिवशी भंगारात द्यावा.