शरीरापेक्षा दोन अंश थंड

१९८०च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझ शहरात रोजे मियुसे या डॉक्टरांनी एक अजब चड्डी वापरून प्रयोग केले. चड्डीला पुढून एक भोक. त्यातून शिश्न आणि अंडकोषाची मोकळी कातडी बाहेर काढायची, म्हणजे दोन्ही वृषणं आपोआप वर सरकून जांघेत, शरीराला चिकटून बसत. स्वयंसेवक ती रोज सुमारे पंधरा तास घालत. एवढ्याने वृषणांचं तापमान वाढलं ते जेमतेम दोन अंश सेल्सिअसने. पण तीनेक महिन्यांत शुक्राणूंची संख्या गर्भधारणा होणार नाही इतकी खाली आली, आणि चड्डी सोडल्यावर काही महिन्यांत पुन्हा भरून आली. मियुसे यांना पुरुषांसाठी गर्भनिरोधक हवं होतं. मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांना त्याच प्रयोगात वेगळीच गोष्ट दिसते.

वृषणं शरीराबाहेर लटकतात त्याला कारण आहे. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. म्हणून अंडकोषाच्या कातडीखाली चरबी नसते आणि घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर असतात. थंडीत आतले स्नायू वृषणं वर ओढून घेतात, उन्हाळ्यात सैल सोडतात. शिवाय वृषणाकडे येणाऱ्या धमनीभोवती बारीक नीलांचं जाळं असतं. वृषणाकडून परतणारं थंड रक्त त्या जाळ्यातून वर जाताना खाली येणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेतं.

उष्णता वाढली की मार बसतो तो अर्धवट घडलेल्या पेशींना. मूळच्या बीजपेशी बऱ्याच चिवट असतात, म्हणून नुकसान सहसा भरून येतं. मात्र वेळ लागतो. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि नंतर बाहेरच्या नळीत परिपक्व व्हायला आणखी एक-दोन आठवडे. त्यामुळे आज केलेल्या वीर्यतपासणीत दिसतं ते मागच्या तीन महिन्यांचं. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूचा सणसणीत ताप येऊन गेला असेल, तर तो माणूस विसरलेला असतो, पण रिपोर्टमध्ये त्याची खूण उरलेली असू शकते.

आता घट्ट कपड्यांकडे येऊ. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी उपचारासाठी आलेल्या जोडप्यांमधल्या ६५६ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता इतरांपेक्षा २५ टक्के जास्त आढळली. बातम्यांचे मथळे इथेच थांबले. घट्ट चड्डी घालणाऱ्या गटाची सरासरीही सर्वसाधारण मर्यादेतच होती, हे मात्र मागे राहिलं. त्याआधी १९९८ साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दोन्ही प्रकारच्या चड्ड्यांमध्ये ना तापमानाचा फरक सापडला होता, ना शुक्राणूंचा. एकूण पाहता घट्ट जीन्स किंवा चड्डी हे एकट्याने वंध्यत्वाचं कारण ठरण्याची शक्यता कमीच. ज्याची संख्या मुळातच काठावर आहे, त्याने सैल सुती कपडे घालावेत. त्यात तोटा काहीच नाही.

खरी उष्णता येते ती बसण्याच्या पद्धतीतून आणि कामातून. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूक इथे २००५ साली २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं. अंडकोषाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. पण लॅपटॉपशिवाय, नुसत्या मांड्या जुळवून बसल्यावरही ते दोन अंशांनी वाढलं होतं! म्हणजे लॅपटॉपपेक्षा ती बैठकच जास्त जबाबदार. सलग तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांचंही तसंच. इटलीत पादोव्हा इथल्या एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी पुरुषांना तीन महिने आठवड्यातून दोनदा सॉना दिला, तेव्हा शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटली. सॉना बंद केल्यावर सहा महिन्यांत सगळं पूर्ववत झालं.

व्हेरिकोसीलचं तसं नाही. तिथे उष्णता आतूनच येते आणि रात्रीही पूर्ण सुटी घेत नाही. वृषणाकडून वर जाणाऱ्या नीलांमधल्या झडपा नीट मिटत नाहीत, गरम रक्त उलटं खाली उतरून साचतं, आणि जे जाळं वृषण थंड ठेवतं तेच फुगून बसतं. हे बहुतेक वेळा डाव्या बाजूला होतं, कारण डावी नील लांब असते आणि मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात जाऊन मिळते. एका बाजूचा बिघाड असला तरी उष्णता दोन्ही वृषणांना सोसावी लागते. साधारण १५ टक्के पुरुषांमध्ये व्हेरिकोसील आढळतं आणि त्यांतल्या पुष्कळांना मुलंही होतात. पण वंध्यत्वासाठी तपासणीला येणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जातं. उपचाराने सुधारू शकणारं यापेक्षा मोठं कारण पुरुषांत सापडत नाही.

समजा, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा तिशीतला माणूस आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. पत्नीच्या तपासण्या, सोनोग्राफी, औषधं सगळं होऊन गेलं (आपल्याकडे क्रम हाच असतो), आणि मग त्याची वीर्यतपासणी झाली. मिलिलिटरला ७० लाख शुक्राणू, हालचाल करणारे २५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत खालची मर्यादा अनुक्रमे एक कोटी ६० लाख आणि ४२ टक्के आहे. एका रिपोर्टवर निदान करायचं नाही. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्यायचा. तोही तसाच आला तर यूरॉलॉजिस्टकडे.

डॉक्टर त्याला उभं करून हाताने तपासतात. श्वास रोखून जोर द्यायला लावल्यावरच फुगलेल्या नीला हाताला लागल्या तर पहिली श्रेणी, नुसतं उभं राहिल्यावर लागल्या तर दुसरी, आणि डोळ्यांनाच दिसल्या तर तिसरी. तिसऱ्या श्रेणीत हाताला गांडुळांची पिशवी धरल्यासारखं वाटतं. दुखत फारसं नाही. संध्याकाळी जडपणा येतो, तो भट्टीच्या कामाच्या थकव्यात खपून जातो. आडवं झाल्यावर फुगवटा ओसरला पाहिजे. तो ओसरत नसेल, किंवा अचानक फक्त उजव्या बाजूला आला असेल, तर पोटात गाठ वगैरे दडलेली नाही ना, हे पाहावं लागतं.

भट्टीसमोरची पाळी बदलून मिळाली तर चांगलंच, पण तिसऱ्या श्रेणीच्या व्हेरिकोसीलवर तेवढा उतारा पुरत नाही. जांघेत छोटा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी आणि लसिकावाहिन्या वाचवत बिघडलेल्या नीला बांधतात. सौदी अरेबियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४५ पुरुष होते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांच्या घरी वर्षभरात नैसर्गिक गर्भधारणा झाली, न झालेल्यांत सुमारे १४ टक्के. फायदा ठळक आहे, हमी नाही. हाताला न लागणारं, फक्त कलर डॉप्लरवर दिसणारं व्हेरिकोसील मात्र कापायला कोणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. त्याने गर्भधारणेची शक्यता वाढते, असा भक्कम पुरावा नाही.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात तपासणी करून निराश होणारे बरेच असतात. नव्या शुक्राणूंची पहिली तुकडी यायला तीन महिने लागतात. म्हणून तेव्हा एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, अशा दोन तपासण्या होतात. पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल, तर एवढी वाट पाहायची की थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे वळायचं, हे दोघांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं बरं.