बसलेला आवाज आणि तीन आठवड्यांची मर्यादा

पडसे, खळ्यावरील धूळ किंवा अतिशय मोठ्याने बोलणे यांमुळे घसा बसतो, हा सर्वांचा अनुभव आहे. असा बसलेला आवाज बहुधा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. परंतु तीन आठवडे लोटले तरी आवाज घोगराच राहिला, तर त्याचे कारण तपासून घेतले पाहिजे. विडी ओढणाऱ्या व तंबाखू खाणाऱ्या माणसाने तर यात मुळीच हयगय करू नये.

आपल्या कंठात स्वरयंत्र असते व त्यात दोन स्वरतंतू असतात. बोलताना त्यांच्या कडा एकमेकींस मिळतात व कंप पावतात. तंबाखूच्या धुराने या कडेवर कर्करोगाची लहानशी गाठ उद्भवली, तरी कडा नीट मिळत नाहीत आणि आवाज चिरकतो. म्हणजे रोग अगदी लहान असतानाच आवाज इशारा देतो. स्वरतंतूंतील रोग आरंभी बराच काळ तेथेच राहतो. अशा वेळी किरणोपचाराने किंवा लहान शस्त्रक्रियेने बहुतेक रोगी बरे होतात व त्यांचा आवाजही टिकतो. उशीर झाल्यास संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागू शकते आणि मग गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो.

उदाहरणादाखल, 55 वर्षांचा व रोज एक बंडल विड्या ओढणारा शेतकरी घेऊ. मळणीच्या दिवसांत त्याचा आवाज बसला. ताप नाही, वेदना नाही, म्हणून तो धुळीला दोष देतो व ज्येष्ठमध चघळतो. मळणी संपून महिना झाला तरी आवाज तसाच आहे. वेदना नाही म्हणून रोग नाही, हा त्याचा समज चुकीचा आहे. आरंभी हा रोग दुखत नाही.

अशा माणसास ग्रामसेवकाने प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. तोंड उघडून विजेरीने पाहिल्यास स्वरतंतू दिसत नाहीत; त्यासाठी लहान आरसा किंवा नाकातून घालावयाची बारीक दुर्बीण लागते. ही तपासणी थोड्या मिनिटांची असते. संशयास्पद भाग दिसल्यास त्याचा तुकडा काढून तपासतात व त्यावरूनच निदान पक्के होते. आवाज कोणत्या तारखेपासून बसला व तंबाखू किती वर्षे चालू आहे, हे डॉक्टरांस सांगावे.

आवाज बसण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. स्वरतंतूंची सूज, साध्या गाठी, क्षयरोग ही त्यांपैकी काही होत. ती बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणूनच तपासणी हवी.

मात्र घास गिळताना अडकणे, थुंकीतून रक्त पडणे, मानेत गाठ येणे किंवा कान न बिघडता एका बाजूचा कान ठणकणे, यांपैकी काही आढळल्यास तीन आठवडे थांबू नये. तंबाखू खाणाऱ्यांत रोग घशाच्या खालच्या भागात असल्यास ही लक्षणे आवाज बसण्यापूर्वीही दिसतात. श्वास घेताना घरघर होऊन दम लागत असेल, तर रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.