पाठ केलेले उत्तर आपल्या शब्दांत कसे उतरवायचे

‘पश्चिम घाटाच्या वाताभिमुख उतारावर आर्द्रतायुक्त नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे ऊर्ध्वगमन होऊन सांद्रीभवन क्रियेद्वारे विपुल प्रमाणात प्रतिरोध पर्जन्यवृष्टी होते, तथापि वातविमुख उतारावर आर्द्रतेचे प्रमाण न्यून झाल्याने व अधोगामी वाऱ्यांची बाष्पधारण क्षमता वृद्धिंगत झाल्याने अल्प पर्जन्य होते. अशा प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश असे संबोधतात.’

‘महाबळेश्वरला भरपूर पाऊस पडतो, पण वाईला कमी पडतो. कारण लिहा,’ या प्रश्नाला अशा थाटाची उत्तरे मी भूगोल शिकवताना खूप वाचली आहेत. त्यांत चूक काहीच नसते. गाईडमधून वहीत आणि वहीतून पेपरात ती जशीच्या तशी उतरतात. परीक्षेत एखादा शब्द आठवला नाही की मात्र पुढचे सगळेच अडते, कारण त्या शब्दाला दुसरा कसलाच आधार नसतो. म्हणूनच असे उत्तर स्वतःच्या शब्दांत उतरवायला शिकावे लागते. विपुलच्या जागी खूप आणि न्यूनच्या जागी कमी लिहिले की काम झाले, असे मुलांना वाटते. तसे केल्याने उत्तर थोडे सोपे दिसते, पण पाठ केलेलेच राहते.

उत्तराचा पुस्तकीपणा कठीण शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीत जास्त असतो. वरच्या उत्तरात ऊर्ध्वगमन, सांद्रीभवन, पर्जन्यवृष्टी अशी नामांमागून नामे येतात आणि क्रियापद म्हणून उरते फक्त ‘होते’. कोण काय करते हे त्यात कुठेच स्पष्ट होत नाही. म्हणून बदलाची सुरुवात क्रियापदापासून करावी. ‘वाऱ्यांचे ऊर्ध्वगमन होऊन’ याऐवजी ‘वारे वर चढतात’ असे लिहायला लावले की मुलाला लगेच प्रश्न पडतो: का चढतात? ‘सांद्रीभवन क्रियेद्वारे’ काढून ‘बाष्पाचे पाणी होते’ असे लिहिले की पुढचा प्रश्न येतो: वर गेल्यावरच का होते? हे प्रश्न पुस्तकी वाक्यात दडलेले असतात, कारण तिथे प्रत्येक घटना नाव देऊन मिटवून टाकलेली असते.

पुस्तक मिटवून हेच उत्तर तोंडी सांगायला लावले की मुलाला नेमके काय समजले आहे ते कळते. माझ्या वर्गात ठरलेले उत्तर यायचे, “बाई, ढग डोंगराला आपटतात आणि फुटतात. मग पलीकडे पाऊसच उरत नाही.” हे सांगणाऱ्या मुलाच्या वहीत वरचे उत्तर शब्द न् शब्द बरोबर असायचे. ‘प्रतिरोध’ म्हणजे अडवणे एवढेच त्याने ऐकलेले असते आणि त्यावरून त्याने ढगांची डोंगराशी टक्कर घडवून आणलेली असते. पाठ केलेल्या उत्तराने ही चूक वर्षभर झाकून ठेवली होती. स्वतःच्या शब्दांत सांगताना ती पहिल्यांदाच उघडी पडते, म्हणून अशा वेळी मुलाला रागावू नये. आता दुरुस्त काय करायचे ते आपल्याला समजलेले असते.

दुरुस्ती अशी. सह्याद्री वाऱ्याला थांबवत नाही, वर चढायला लावतो. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे चढणारी हवा पसरते आणि पसरताना थंड होते. ढग बनू लागेपर्यंत तिचे तापमान दर १,००० मीटरला साधारण १० अंश सेल्सिअसने उतरते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. थंड हवेत बाष्प कमी मावते: ३० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकते, तर २० अंशांच्या हवेत जेमतेम १७ ग्रॅम. न मावणाऱ्या बाष्पाचे थेंब होतात आणि पाऊस पडतो. माथा ओलांडून हवा पूर्वेकडे उतरते तेव्हा सगळे उलट होते. ती दाबली जाते, गरम होते आणि पुन्हा जास्त बाष्प सामावू शकते, म्हणून असलेले बाष्पही सहजासहजी पाऊस होऊन पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या, घाटाच्या पायथ्याच्या वाईत तो हजार मिलिमीटरही भरत नाही.

मुलांच्या उत्तरातून सर्वांत जास्त वेळा गळते ते हेच दुसरे कारण. बाष्प संपले म्हणून पाऊस कमी, इथे ती थांबतात. पुस्तकी वाक्यात ‘अधोगामी वाऱ्यांची बाष्पधारण क्षमता वृद्धिंगत झाल्याने’ हा तुकडा असतो, पण त्याचा अर्थच लागलेला नसतो. त्यामुळे स्वतःच्या शब्दांत लिहिताना तो निसटला तरी मुलाच्या लक्षात येत नाही. म्हणून नवे उत्तर लिहून झाले की मूळ उत्तराशेजारी ठेवून एकेक मुद्दा जुळवून पाहावा. शब्द जुळायची गरज नाही, पण कारणे सगळी आली पाहिजेत.

आता शब्दांकडे वळू. पेन्सिल घेऊन मूळ उत्तरातल्या शब्दांवर दोन वेगळ्या खुणा करायच्या. सांद्रीभवन, प्रतिरोध पर्जन्य, बाष्पधारण क्षमता आणि पर्जन्यछायेचा प्रदेश ही विषयाची नावे आहेत, ती तशीच ठेवायची. विपुल, न्यून, वृद्धिंगत, तथापि, संबोधतात हे केवळ भारदस्तपणासाठी आलेले शब्द आहेत, ते निःशंकपणे काढायचे. हा भेद न कळल्याने होणारे नुकसान मी पाहिले आहे. सोपे लिहायच्या नादात एका मुलीने सांद्रीभवनाऐवजी ‘वाफ घट्ट होते’ असे लिहिले. तिला काय म्हणायचे आहे ते मला कळले, पण बाष्प घट्ट होत नाही, त्याचे पाणी होते. जिथे शास्त्राने एक नेमका शब्द ठरवला आहे, तिथे घरगुती शब्द उत्तर चुकवतो. त्यावर उपाय साधा आहे. आधी घटना सोप्या क्रियापदाने सांगायची आणि लगेच तिचे शास्त्रीय नाव द्यायचे. नाव येण्याआधी अर्थ आलेला असला की ते लक्षातही राहते.

या सगळ्यातून जाऊन एका नववीतल्या मुलाचे उत्तर शेवटी असे झाले:

‘पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन येतात. वाटेत सह्याद्री आडवा असल्याने ते त्याच्या पश्चिम उतारावरून वर चढतात. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते. जास्तीच्या बाष्पाचे पाणी होते, म्हणजेच सांद्रीभवन होते, आणि महाबळेश्वरला भरपूर पाऊस पडतो. हा प्रतिरोध पर्जन्य होय. डोंगर ओलांडल्यावर वाऱ्यांत बाष्प कमी उरते. शिवाय पूर्व उतारावरून उतरताना हवा गरम होते आणि तिची बाष्पधारण क्षमता वाढते. या दोन कारणांमुळे वाईला कमी पाऊस पडतो. अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.’

हे उत्तर मूळ उत्तरापेक्षा लांब आहे, आणि ते तसेच असायला हवे, कारण गाळलेल्या पायऱ्या परत आल्या आहेत. यात एकही वाक्य असे नाही की जे विसरले तर मागच्या वाक्यावरून पुन्हा शोधता येणार नाही. भाषा बोलण्यातून आलेली असली तरी लेखी वळणाची आहे. तोंडी सांगताना ‘पडतं’, ‘मावतं’, ‘मग काय होतं’ असे येते. कागदावर उतरवताना ते ‘पडते’, ‘मावते’ होते आणि ‘मग काय होतं’ निघून जाते. एवढी शिस्त पुरे. बोलीची आणखी छाटणी करत बसलो तर पुन्हा ‘होऊन’, ‘झाल्याने’, ‘द्वारे’ हे शब्द मागच्या दाराने आत येतात.

उत्तर खरोखर आपले झाले की नाही, याची परीक्षा घेता येते. दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे. तिथल्या उच्चभूमीच्या ईशान्य भागात पाऊस फार कमी पडतो आणि त्या प्रदेशाला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. वाई-महाबळेश्वरचे उत्तर पाठ केलेल्या मुलाला हे दुसरे उत्तर वेगळे पाठ करावे लागते. ज्याने ते समजून लिहिले आहे, त्याला एवढेच शोधायचे असते की इथे समुद्र कोणता, वारे कुठून येतात आणि डोंगर कुठे आहे. समुद्र अटलांटिक, वारे पूर्वेकडून येणारे आणि आडवी आहे ती उच्चभूमीची किनाऱ्याकडची बाजू, ज्यात अजस्र कडा येतो. म्हणजे तिथे पाऊस पूर्वेला आणि छाया पश्चिमेला, सह्याद्रीच्या बरोबर उलट. ‘पर्जन्यछाया पूर्वेलाच असते’ असे पाठ केलेला मुलगा इथे हमखास चुकतो.

प्रत्येक उत्तराला मात्र ही रीत लावू नये. नियम आणि व्याख्या यांतला प्रत्येक शब्द मोजून बसवलेला असतो. ओहमचा नियम स्वतःच्या शब्दांत लिहिताना मुले ‘विभवांतर वाढले की विद्युतधारा वाढते’ असे लिहून मोकळी होतात. त्यात ‘समानुपाती’ हरवते आणि ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ ही अटही. तार तापली तर तिचा रोध बदलतो आणि नियम तसाच लागू पडत नाही, म्हणून ती अट आहे. असे विधान पाठच करावे आणि त्याखाली त्याचा अर्थ आपल्या दोन वाक्यांत लिहून ठेवावा. कारणे, प्रक्रिया, परिणाम, फरक असे विचारणारी उत्तरे मात्र आपलीच हवीत.

‘पुस्तकातलं नाही लिहिलं तर मार्क कापतात,’ ही मुलांची तक्रार सगळीच खोटी नाही. दहावीच्या भूगोलाच्या ४० गुणांच्या पेपरात भौगोलिक कारणांचे एक उत्तर ३ गुणांचे असते आणि हे गुण मुद्द्यांना द्यायचे असतात. तरी घाईत तपासताना नजर ओळखीच्या ओळी शोधते आणि ती सापडली नाही की पेन थांबते. उत्तरात शास्त्रीय नावे ठळकपणे आलेली असली, प्रत्येक मुद्दा वेगळ्या वाक्यात असला, तर ही अडचण बरीच कमी होते. उरलेली जबाबदारी आम्हा तपासणाऱ्यांची आहे. माझी सहकारी शिक्षकांना विनंती आहे की मुलाचे कारण बरोबर असेल तर ओळ पुस्तकातली नाही म्हणून अर्धा गुणही कापू नका. तो कापलात तर पुढच्या पेपरात तो मुलगा पुन्हा ‘आर्द्रतायुक्त वाऱ्यांचे ऊर्ध्वगमन होऊन’ असेच लिहील.