साडीचा फोटो उलट्या बाजूने काढा

लग्नसराईत हा फोटो हमखास येतो. मामींनी दुकानात पदर खांद्यावर टाकलाय, मागे आरसा, वर ट्यूबलाइटचा उजेड आणि खाली प्रश्न, "पैठणीच आहे ना गं ही? घेऊ का?" विणकामाचा अभ्यास केलेलं माणूससुद्धा अशा फोटोवरून उत्तर द्यायला कचरतं. आता हेच काम संगणकाकडून करून घ्यायचे प्रयत्न चालू आहेत आणि संगणक नेमका कुठे अडतो, ते पाहिलं की साडीविषयीच बरंच काही कळतं.

"फोटोत साडी आहे की कुर्ता?" हा प्रश्न संगणकाला आता फारसा जड जात नाही. कपडे ओळखायला शिकवण्यासाठी 2017 साली आलेला फॅशन-एमनिस्ट हा प्रसिद्ध फोटोसंच 70,000 चित्रांचा आहे. त्यात दहा प्रकार आहेत आणि साडी नाही. 2021 मधल्या इंडोफॅशन या संचात भारतीय कपड्यांचे लाखभर फोटो आहेत. त्याच्या पंधरा प्रकारांत नेहरू जॅकेट आहे, लेहेंगा आहे, साडीही आहे. पण साडी एकच. पैठणी, इरकल, नारायणपेठ, चंदेरी सगळ्या एकाच गाठोड्यात. मामींचा प्रश्न या गाठोड्याच्या आतला आहे.

त्या गाठोड्यात हात घालताना पहिली चूक होते ती नावं देताना. नऊवारी हे लांबीचं आणि नेसण्याचं नाव, पैठणी हे विणीचं. नऊवारी पैठणी असते, नऊवारी इरकलही असते. संगणकाला "दिलेल्या नावांपैकी एकच निवड" असं सांगितलं आणि त्या यादीत नऊवारी व पैठणी शेजारीशेजारी ठेवल्या, तर दोन्ही उत्तरं बरोबर असलेल्या फोटोवर तो कायम गोंधळणार. म्हणून नेसण्याचा प्रश्न वेगळा विचारायचा आणि विणीचा वेगळा.

विणीची ओळख लपलेली असते फार थोड्या जागेत. परंपरेने विणलेल्या पैठणीत एका वेळी तीन धोटे चालतात. एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा आडवा धागा काठापर्यंत येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. यालाच कडियाल म्हणतात. म्हणून जांभळ्या अंगाला हिरवा काठ असेल, तर तो हिरवाच राहतो. एकच धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला की जांभळा धागा काठातही शिरतो आणि हिरव्यावर जांभळी झाक येते. पदरावरच्या मुनिया नि बांगडी मोराचीही तीच रीत. विणकर प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या आकारापुरताच फिरवतो, त्यामुळे नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. जॅकार्डने उठवलेल्या नक्षीत धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मागून मोकळे धावतात, नाहीतर कापून टाकलेले असतात. पुढून मात्र दोन्ही मोर सारखेच ऐटबाज.

आता मामींचा फोटो संगणकाच्या डोळ्याने पाहू. फोटोत आडवी सव्वा मीटरच्या आसपास जागा मावली आहे असं धरू. चित्रं ओळखणाऱ्या बऱ्याच प्रणाली फोटो आधी 224 बाय 224 ठिपक्यांचा करून घेतात. म्हणजे एका ठिपक्यात कापडाचा साडेपाच मिलिमीटरचा तुकडा आला. काठ आणि अंग जिथे गुंफले जातात तो जोड जेमतेम मिलिमीटरभराचा. तो पुसला जातो, उरतात रंग आणि मोराचा ढोबळ आकार, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींची नक्कल सगळ्यात सोपी. रंगाचाही भरवसा नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, अशा धूपछाँव साडीचा रंग उजेडाच्या कोनाप्रमाणे बदलतो. खिडकीपाशी ती मोरपंखी, ट्यूबलाइटखाली निळी.

उपाय साधा आहे. साडी सपाट पसरायची, उलटी करायची आणि काठ-अंगाच्या जोडाचा फक्त दहा सेंटीमीटर रुंदीचा फोटो जवळून काढायचा. कडेला शिंप्याची टेप ठेवायची म्हणजे माप कळतं. मोबाइलचा फोटो 3000 ठिपके रुंद असेल तर दर मिलिमीटरला 30 ठिपके मिळतात. तो मिलिमीटरला दहा ठिपके इतका लहान केला, तरी 224 ठिपक्यांच्या चौकोनात सुमारे 22 मिलिमीटर कापड येतं. रुपयाच्या नाण्याएवढंच, पण त्यात धागा धाग्यात अडकलेला दिसतो.

इरकलची खूण आणखी वेगळ्या जागी सापडते. तिथे अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात आणि फाशांनी एकमेकांत अडकवून जोडतात. या जोडणीला कोंडी म्हणतात. लाल पदरावरचे पांढरे टोपे छापूनही आणता येतात, कोंडी छापता येत नाही. म्हणून इरकलसाठी पदर सुरू होतो तिथला फोटो हवा. फोटोचे आडवेतिडवे तुकडे पाडून शिकवण्याची नेहमीची पद्धत इथे घातक ठरते. पदर नसलेल्या तुकड्यावरही "इरकल" लिहिलेलं राहतं आणि संगणक साध्या चौकड्यालाच इरकल म्हणू लागतो.

सगळ्यात फसवी चूक मोजमापात होते. समजा, 200 साड्यांचे प्रत्येकी पाच, असे हजार फोटो जमवले. त्यातले 800 शिकवायला आणि 200 परीक्षेला, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे. परीक्षेतल्या एखाद्या फोटोचे उरलेले चारही भाऊ परीक्षेतच जाण्याची शक्यता हजारात जेमतेम दोन. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रश्न आधी पाहिलेल्या साडीवरचाच. डाग, घडी, फॉलचा धागा लक्षात ठेवून उत्तर येतं आणि गुण भरघोस पडतात. वाटणी फोटोंची नव्हे, साड्यांची करायला हवी. शक्य तर दुकानांची. पैठण्या एका दुकानातल्या पांढऱ्या फरशीवर आणि इरकली घरच्या दोरीवर असतील तर संगणक फरशी शिकतो. हे पकडता येतं. फोटोतली साडी करड्या रंगाने झाकायची आणि फक्त पार्श्वभूमी दाखवायची. तरीही उत्तर बरोबर आलं, तर साडी त्याने पाहिलेलीच नाही.

इतकं सगळं नीट जमलं तरी दोन गोष्टी फोटोतून हाती लागत नाहीत. मागे मोकळे धागे दिसले तर नक्षी जॅकार्डची हे कळतं, पण जॅकार्ड हातमागावरही बसवतात. त्यामुळे त्या धाग्यांवरून माग हाताचा की विजेचा हे ठरत नाही. आणि जर चांदीची की नुसती सोनेरी चमक, हे तपासायला धातूचीच परीक्षा लागते. म्हणून अशी प्रणाली बांधणाऱ्याने उत्तरांच्या यादीत "या फोटोवरून सांगता येत नाही" हेही एक उत्तर ठेवायलाच हवं. मामींच्या त्या पहिल्या फोटोला तेच लागू पडतं. त्यांना मी एवढंच लिहिते, "मामी, दुकानदाराला सांगून साडी उलटी करून घ्या आणि काठाजवळचा एक फोटो जवळून पाठवा."